बाहेरच्या भिंतीवरचं एसीचं रिकामं ब्रॅकेट: सेक्रेटरींना परवानगीचं पत्र कसं लिहावं

हौसिंग सोसायटीत असं पत्र बहुतेक वेळा चार ओळींचं येतं. ‘माझ्या फ्लॅटच्या बाहेर एसीचं जुनं ब्रॅकेट आहे, ते काढायचं आहे, तरी परवानगी द्यावी.’ पत्र देणाऱ्याला वाटतं, यात विचारायचं काय, लोखंड काढून टाकतोय, लावत तर नाही! मग कमिटीची मीटिंग होते, कुणीतरी विचारतं, ‘काढणार कोण, कसं, आणि भोकांचं काय?’ पत्रात उत्तर नसतं. विषय पुढच्या मीटिंगवर जातो आणि एक महिना गेला.

मी काही वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगतो. कमिटीला तुमच्या ब्रॅकेटशी फारसं देणंघेणं नसतं. तिला काळजी असते ती ब्रॅकेट निघाल्यावर भिंतीत राहणाऱ्या भोकांची आणि ते निघताना खाली काही पडेल त्याची. या दोन गोष्टींची उत्तरं पत्रात नीट असली, तर परवानगी एका मीटिंगमध्ये मिळते.

परवानगी मुळात का लागते

फ्लॅट तुमचा असला तरी बाहेरची भिंत संस्थेची. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतींची देखभाल-दुरुस्ती हे संस्थेचं काम आहे आणि त्याचा खर्च सगळे सभासद दुरुस्ती निधीतून उचलतात. म्हणून त्या भिंतीवर छिन्नी चालवायची तर कमिटीची लेखी परवानगी हवी. ब्रॅकेट लावताना पूर्वीच्या मालकाने ती घेतली नसेल, तर तो मुद्दा पत्रात उगाळू नका. तुम्ही आता विचारताय, तेवढं पुरे.

सेक्रेटरी स्वतःच्या अधिकारात अशी परवानगी देत नाहीत. ते पत्र कमिटीच्या सभेपुढे ठेवतात, तिथे ठराव होतो आणि मग तुम्हाला लेखी उत्तर मिळतं. कमिटीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. म्हणून सभेची तारीख आधी विचारून घ्या आणि पत्र चार-पाच दिवस अगोदर ऑफिसात पोचेल असं बघा, म्हणजे विषयपत्रिकेत ते येईल.

पत्रावर सही सभासदाची हवी. भाडेकरूने ते दिलं तर सेक्रेटरी घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मालक परदेशी असेल, तर त्याच्याकडून सही केलेलं पत्र स्कॅन करून सोसायटीच्या ईमेलवर मागवा. काम करवून घेणारा माणूस म्हणून तुमचं नाव आणि फोन त्यात असू द्या.

पत्राआधीची पाहणी

पत्र लिहायला बसण्यापूर्वी अर्धा तास ब्रॅकेट बघण्यात घालवा. खाली कंपाउंडमध्ये उभं राहून एक फोटो काढा, ज्यात कितवा मजला आणि कुठली खिडकी हे कळेल. दुसरा फोटो खिडकीतून, फक्त फोनचा हात बाहेर काढून. स्वतः वाकू नका.

फोटोत चार गोष्टी शोधा.

पहिली, ते कशावर बसवलंय. साधारणपणे स्प्लिट एसीच्या आउटडोअर युनिटला इंग्रजी एल आकाराचे दोन अँगल असतात आणि प्रत्येक अँगल दोन किंवा तीन अँकर फास्टनरने भिंतीत घट्ट केलेला असतो. जुन्या इमारतीत ही भिंत विटांची असते, नवीन इमारतीत हलक्या ब्लॉकची किंवा सरळ काँक्रीटची. ब्रॅकेट कॉलमवर किंवा बीमवर बसलं असेल, तर तसं पत्रात स्पष्ट लिहा, कारण तिथे छिन्नीने फोडायला कुठलीही शहाणी कमिटी परवानगी देणार नाही. तिथे फास्टनर फक्त कापायचा आणि झाकायचा.

दुसरी गोष्ट, बोल्ट आरपार आहेत का. घराच्या आत, त्याच जागी भिंतीवर पट्टी आणि नट दिसत असतील, किंवा प्लास्टरखाली दबलेले असतील, तर बोल्ट भिंतीतून पलीकडे गेलेले आहेत. हे फार महत्त्वाचं. असे नट कुणी उत्साहाने आतून सोडले, की बाहेर ब्रॅकेट धरायला कुणी नसतं आणि ते सरळ खाली जातं. चौथा मजला म्हणजे जमिनीपासून साधारण 12 मीटर. तिथून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी 55 किलोमीटरच्या आसपास असतो. ब्रॅकेटच कशाला, एक नटसुद्धा त्या वेगात डोक्यावर नको.

तिसरी, गंजाचे ओघळ. फास्टनरभोवती तपकिरी डाग असेल आणि प्लास्टरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील, तर आत पाणी शिरतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून प्लास्टर ढकलत राहतो. पत्रात हीच तुमची सगळ्यात भक्कम बाजू, कारण ब्रॅकेट ठेवण्यात संस्थेच्या भिंतीचंच नुकसान आहे.

चौथी, पाइपचं भोक. तांब्याचे पाइप आणि वायर आत नेण्यासाठी पाडलेलं दोन-अडीच इंचांचं भोक बहुतेक वेळा तसंच उघडं असतं किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबून बंद केलेलं असतं. लोक ब्रॅकेटबद्दल लिहितात आणि हे विसरतात. फास्टनरच्या भोकांपेक्षा कितीतरी जास्त पाणी इथून येतं. तेही याच परवानगीत बसवा.

दुसऱ्यांना विचारून घ्यायच्या गोष्टी

खालच्या फ्लॅटला आधी सांगा. त्यांच्या छज्जावर प्लास्टरचे तुकडे पडणार, कदाचित त्यांचंच आउटडोअर युनिट बरोबर तुमच्या ब्रॅकेटखाली असेल. जाम झालेला नट ग्राइंडरने कापला तर ठिणग्या तिथे जातील. ‘402 वाल्यांनी आम्हाला विचारलंच नाही’ हे वाक्य मीटिंगमध्ये आलं, की परवानगी लटकलीच म्हणून समजा. पत्रात ‘302 च्या सभासदांना कळवले आहे’ असं लिहिता आलं, की हा प्रश्न उद्भवतच नाही.

सेक्रेटरींना तोंडी दोन गोष्टी विचारा. गेल्या काही वर्षांत बाहेरून रंग किंवा वॉटरप्रूफिंग झालं असेल आणि त्याची हमी चालू असेल, तर ठेकेदार उद्या ‘तुमच्या सभासदाने भिंत फोडली’ म्हणून हात वर करू शकतो. तसं असेल तर भोकं त्याच ठेकेदाराकडून किंवा त्याने सांगितलेल्या मालाने बुजवायची तयारी दाखवा. इमारत अगदी नवीन असेल तर हेच बिल्डरच्या बाबतीत बघायचं. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि आपण भिंतीला हात लावून त्याला सबब का द्यायची?

दुसरा प्रश्न, येत्या काही महिन्यांत बाहेरून रंगकाम निघणार आहे का. निघणार असेल तर थांबा. परांची बांधलेली असताना ब्रॅकेट काढायला रंगाऱ्याच्या माणसाला अर्धा तास लागतो, दोरीवरचा माणूस वेगळा आणावा लागत नाही आणि भोकांवर रंगही सगळ्या भिंतीबरोबर लागतो. अशा वेळी पत्र एवढंच हवं, की रंगकामाच्या वेळी माझं ब्रॅकेट काढून घ्यावं, त्याचा खर्च मी देतो.

काम करणाऱ्याकडून काय लिहून घ्यायचं

एसीवाला, ग्रिलवाला, रंगारी, कुणीही हे काम करतो म्हणतो. त्याला विचारा, ‘खिडकीत बसून करणार की दोरीवरून?’ खिडकीत बसून म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा. पहिल्या मजल्याच्या वर हे काम करणारा अंगभर सेफ्टी बेल्ट घालून, कामाच्या दोरीशिवाय दुसरी सुरक्षेची दोरी वेगळ्या जागी बांधून उतरणारा हवा. दोरी गच्चीवर कशाला बांधणार हेही विचारा. पाण्याचा पाइप किंवा कठड्याची जाळी हे उत्तर चालणार नाही. गच्चीची चावी सोसायटीकडे असते, म्हणून ती मागण्याचा उल्लेखही पत्रात हवा.

त्याच्याकडून साध्या कागदावर कोटेशन घ्या आणि त्यात कामाची पद्धत लिहून घ्या. आधी ब्रॅकेटचे दोन्ही हात दोरीने वर बांधायचे, मग नट सोडायचे, मग ब्रॅकेट दोरीनेच वर किंवा खिडकीतून आत घ्यायचं. खाली सोडायचं नाही.

भिंतीत राहिलेल्या फास्टनरचं काय करायचं, इथे बरेच जण घसरतात. बाहेर आलेला बोल्ट भिंतीला समपातळीत कापून वर पुट्टी फासली, तर पहिल्या पावसाळ्यात काही दिसत नाही. नंतर आतला तुकडा गंजतो आणि बशीएवढा प्लास्टरचा तुकडा सुटतो. फास्टनर पूर्ण निघत असेल तर काढायचाच. निघत नसेल, तर त्याच्याभोवती प्लास्टर दीड-दोन सेंटिमीटर खोल उकरायचं, बोल्ट आत कापायचा, उघड्या लोखंडाला गंजरोधक प्रायमर लावायचा आणि मग खड्डा भरायचा. काँक्रीटच्या भिंतीत असं उकरायचं नाही. तिथे समपातळीत कापून, प्रायमर लावून वर जलरोधक लेप द्यायचा.

भरायला पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल. भोक आधी ब्रशने साफ करून ओलं करायचं, माल दाबून भरायचा, सुकला की वर बाहेरच्या कामाचा क्रॅक फिलर, मग प्रायमर आणि रंग. प्लास्टर ऑफ पॅरिस बाहेर कधीही नाही, ते पाणी पितं. नुसतं पांढरं सिमेंटही नको, ते आकसतं आणि कडेने सुटतं. पाइपचं मोठं भोक विटेचे तुकडे आणि माल घालून दोन थरांत भरायचं. एका झटक्यात भरलं तर ओला माल खाली बसतो आणि वर फट राहते. फोमने भरायचा आग्रह कुणी केला तर त्याच्यावरून मालाचा थर हवाच, नुसता फोम उन्हात भुगा होतो.

पत्र

आता एक उदाहरण घेऊ. ठाण्यातली वीसेक वर्षांची विटांची इमारत, चौथ्या मजल्यावरचा 402. आधीच्या मालकाने फ्लॅट विकताना एसी नेला आणि ब्रॅकेट ठेवलं. नव्या मालकांचा एसी दुसऱ्या खोलीत आहे. चार फास्टनर, पाइपचं एक भोक, खाली 302 च्या छज्जापर्यंत गंजाचा ओघळ. त्यांचं पत्र असं असेल:

दिनांक: ________

प्रति,
मा. सचिव,
(संस्थेचे नाव) सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
ठाणे

विषय: सदनिका क्र. 402, बी विंग येथील बाहेरील भिंतीवरचे वापरात नसलेले एसीचे ब्रॅकेट काढून भोके बुजवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

मी वरील सदनिकेचा सभासद आहे. पूर्वेकडील बेडरूमच्या खिडकीखाली, इमारतीच्या बाहेरील भिंतीवर आधीच्या मालकांच्या एसीचे लोखंडी ब्रॅकेट आहे. त्यावर सध्या युनिट नाही आणि यापुढे ते वापरण्याचा माझा विचार नाही. ब्रॅकेट चार फास्टनरने विटांच्या भिंतीत बसवले आहे. ते कॉलमवर किंवा बीमवर नाही. फास्टनरभोवती गंज आला असून प्लास्टरला भेगा दिसत आहेत. शेजारी पाइपचे सुमारे अडीच इंचांचे भोक उघडे आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

हे ब्रॅकेट काढण्याची व सर्व भोके बुजवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. काम पुढीलप्रमाणे करण्यात येईल:

ब्रॅकेट आधी दोरीने बांधून मगच सोडवले जाईल व खिडकीतून आत घेतले जाईल. फास्टनर काढले जातील. न निघाल्यास प्लास्टरच्या आत कापून गंजरोधक प्रायमर लावला जाईल. सर्व भोके पॉलिमरयुक्त सिमेंटने भरून त्यावर इमारतीच्या रंगाच्या शेडप्रमाणे रंग दिला जाईल. कामगार सेफ्टी बेल्ट व स्वतंत्र सुरक्षा दोरी वापरतील. काम सुरू असताना खालची जागा दोरी लावून बंद ठेवली जाईल व तेथे एक माणूस उभा राहील. त्या जागेतील वाहने हलवण्याची सूचना आदल्या दिवशी फलकावर लावण्याची परवानगी असावी.

काम एका दिवसाचे असून रंगाचा हात दुसऱ्या दिवशी दिला जाईल. रविवार सोडून, सकाळी 10 ते सायंकाळी 5 या वेळेत ते करण्याचा विचार आहे. गच्चीची चावी त्या वेळेसाठी मिळावी. सदनिका 302 च्या सभासदांना कळवले असून त्यांच्या छज्जाची साफसफाई मी करून देईन.

सर्व खर्च मी करीन. कामादरम्यान संस्थेच्या किंवा इतर सभासदांच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास ते भरून देईन. बुजवलेल्या या पाच भोकांतून काम झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ओल आल्यास त्या जागेची दुरुस्ती माझ्या खर्चाने करून देईन.

व्यवस्थापक समितीच्या येत्या सभेत हा विषय घेऊन लेखी परवानगी द्यावी. भिंतीच्या रंगाची कंपनी व शेड क्रमांक कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
(नाव), सभासद, सदनिका क्र. 402, बी विंग
मोबाइल: ________

सोबत: दोन फोटो, कोटेशनची प्रत.

पत्रात ‘पाच भोकांतून’ आणि ‘पहिल्या पावसाळ्यात’ हे शब्द मुद्दाम आहेत. काही सोसायट्या छापील हमीपत्र पुढे करतात, ज्यात ‘भविष्यात भिंतीस कोणतीही गळती झाल्यास सभासद जबाबदार राहील’ असं असतं. वीस वर्षांच्या इमारतीच्या भिंतीत पाणी येण्याची पन्नास कारणं असतात. त्यावर सही करू नका. तुम्ही ज्याला हात लावला तेवढ्याचीच जबाबदारी घ्या, आणि ती आपणहून घ्या. आपणहून लिहिलेली मर्यादित हमी बहुतेक कमिट्यांना पटते.

शेडबद्दल एक वास्तव आहे. डबा तोच आणला तरी जुना रंग उन्हाने उतरलेला असतो, त्यामुळे ठिपके दिसतीलच. कुणी त्यावरून पूर्ण भिंत रंगवायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा.

पत्र दिल्यानंतर

दोन प्रती न्या. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. सोसायटीचं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस उघडत असेल तर ईमेलनेही पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. तिथे तर टाकूच नका, पन्नास जणांची मतं येतात आणि कमिटी बिचकते.

मीटिंग झाली आणि आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर आवक क्रमांक देऊन दोन ओळींचं स्मरणपत्र द्या, अध्यक्षांना प्रत. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं धरून काम सुरू करू नका. नकार आला तर कारण लेखी मागा. बहुधा ते पद्धतीबद्दलचं असतं आणि पद्धत बदलून पुन्हा अर्ज देता येतो. या विषयासाठी उपनिबंधक कार्यालय गाठायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो.

अनामत रक्कम मागितली तर चेकने किंवा खात्यावर भरा आणि पावतीवर ‘परत करण्यायोग्य’ हे शब्द बघा.

पावसाळा तोंडावर असेल तर तारीख ऑक्टोबरनंतरची मागा, कारण ओल्या भिंतीत भरलेला माल धरत नाही. याला अपवाद एकच. ब्रॅकेट वाऱ्यात हलताना दिसत असेल किंवा एक बाजू सुटून लोंबकळत असेल, तर वरचं पत्र चालणार नाही. त्याच दिवशी सेक्रेटरींना फोन करा, खालची जागा बंद करून घ्या आणि विषयातच ‘धोकादायक अवस्थेतील ब्रॅकेट तातडीने उतरवणेबाबत’ असं लिहा. अशा वेळी सेक्रेटरी आणि अध्यक्ष लगेच होकार देऊन पुढच्या सभेत ठराव कायम करून घेऊ शकतात. लोखंड आधी उतरवायचं. भोकांवर तात्पुरता सीलंट लावायचा आणि पक्कं बुजवणं कोरड्या दिवसांवर ठेवायचं. पत्रातही हे दोन टप्पे वेगळे लिहायचे.

संस्थेनेच ब्रॅकेट काढायची नोटीस दिली असेल, तरीही पत्र द्या. नोटिशीत ‘काढा’ एवढंच असतं, कसं ते नसतं. पत्राच्या सुरुवातीला ‘संदर्भ’ म्हणून नोटिशीची तारीख टाका, बाकी मजकूर तोच.

काम झालं की भोकं उघडी असतानाचा, माल भरल्यानंतरचा आणि रंगानंतरचा असे तीन फोटो ठेवा. पहिला फोटो सगळ्यात कामाचा, कारण फास्टनर खरोखर निघाले की कापले हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. हे फोटो जोडून काम पूर्ण झाल्याचं तीन ओळींचं पत्र सेक्रेटरींना द्या, आणि अनामत भरली असेल तर ती परत मागण्याची ओळ त्याच पत्रात लिहा.